सोसायटीच्या आवक वहीचा तक्ता: तारीख, पीक, वजन आणि दर बिनचूक कसे उतरवायचे

सोसायटीच्या आवक वह्या संगणकावर घ्यायचं काम बहुतेक वेळा नव्या माणसाकडे येतं. वही समोर, एक्सेल उघडलेलं, चार रकाने आखलेले: तारीख, पीक, वजन, दर. मग भराभर टायपिंग सुरू होतं आणि दोन-तीनशे नोंदींनंतर बेरीज वहीशी जुळत नाही. कुठं चुकलं ते शोधायला पुन्हा पहिल्या पानावर जावं लागतं. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्या. वहीत जे लिहिलंय ते आधी जसंच्या तसं उतरवायचं आणि त्याचा अर्थ नंतर, वेगळ्या पानावर लावायचा. ही दोन कामं एकाच वेळी केली की चूक वाचनात झाली की हिशेबात, हे कधीच कळत नाही.

दुसरी गोष्ट रकमेची. तुम्हाला तक्ता चारच रकान्यांचा हवा असला तरी वहीतली रक्कम टाळू नका. वजन आणि दर यांचा गुणाकार रकमेशी जुळला तर दोन्ही आकडे बरोबर वाचलेत, असं बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं. पुढची सगळी पडताळणी याच रकमेवर उभी आहे.

वही हाताळण्याआधी

प्रत्येक पानाचा फोटो वरून, सरळ काढा आणि पान क्रमांक फोटोत येईल असं बघा. क्रमांक नसेल तर तो वहीवर लिहू नका. कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती पानाशेजारी ठेवून फोटो घ्या. सोसायटीची वही हे दफ्तर आहे, त्यावर पेन्सिलची टिकमार्कसुद्धा नको. टायपिंग फोटोवरून करा आणि शंका आली तरच मूळ पान उघडा, कारण लाल शाई, खोडलेला आकडा आणि शाईचा डाग यांतला फरक फोटोत नेहमी कळत नाही.

दोघं मिळून काम करणार असाल, म्हणजे एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं टाइप करायचं असेल, तर आकडे सुटे वाचा. मराठीत एकोणपन्नास आणि एकोणसाठ, पंचेचाळीस आणि पंचावन्न हे घाईत ऐकताना सहज गफलत करतात. ‘चार-नऊ’, ‘पाच-पाच’ असं वाचलं की तो प्रश्न राहत नाही. वजन वाचताना ‘अकरा सात’ असं न म्हणता ‘अकरा क्विंटल, सात किलो’ असं पूर्ण म्हणा. याचं कारण पुढं येतंच.

पहिलं पान: जसंच्या तसं

एक्सेलच्या पहिल्या शीटला ‘मूळ’ असं नाव द्या. टाइप करण्याआधी सगळे रकाने निवडून त्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. ही पायरी नव्या माणसाकडून हमखास सुटते, आणि नंतर ती भरून काढता येत नाही. वहीत वजन ११-७ असं लिहिलेलं असतं. तुम्ही साध्या रकान्यात ११-७ टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. मग तो रकाना कितीही वेळा टेक्स्ट केला तरी मूळ आकडा परत येत नाही, त्या जागी पाच आकडी संख्या दिसते. त्यामुळे आधी टेक्स्ट, मग टायपिंग.

आकडे मात्र इंग्रजी अंकांत, म्हणजे 0 ते 9 मध्ये टाका. मराठी अंक टाकले तर एक्सेल त्यांना बहुधा मजकूर समजतं आणि पुढं बेरीज शून्य दाखवतं.

प्रत्येक ओळीला पान क्रमांक आणि त्या पानावरचा ओळ क्रमांक द्या. तीन महिन्यांनी कुणी ‘हा आकडा कुठला?’ म्हणून विचारलं तर पान ३७, ओळ ३ असं लगेच दाखवता आलं पाहिजे. खोडलेल्या ओळीलाही क्रमांक द्या आणि शेऱ्यात ‘खोडलेली’ लिहा. ती वगळली तर खालच्या सगळ्या ओळींचे क्रमांक सरकतात.

‘मागील पानावरून’ आणि ‘पुढील पानावर’ या ओळी बेरजा आहेत, व्यवहार नाहीत. त्या ‘मूळ’ शीटमध्ये येऊ द्या, पण शेऱ्यात ‘बेरीज’ लिहा म्हणजे पुढच्या शीटमध्ये त्या घ्यायच्या नाहीत हे लक्षात राहील. एखादी जरी चुकून आत राहिली तरी त्या पानापर्यंतची अख्खी आवक दुप्पट होते.

एका पानावरचं उदाहरण

वही सन २०१८-१९ ची, पान ३७. नमुन्यासाठी घेतलेल्या चार नोंदी अशा दिसतात, असं समजा:

४/२ · तूर · पोती २४ · वजन ११-७ · दर ५४५० · रु. ६०३३१॥
—॥— · हरभरा · पोती ९ · वजन ४-३२ · दर ४१२५ · रु. १७८२०
५/२ · तूर · पोती १६ · वजन ७-५८॥ · दर ५३८० · रु. ४०८०७
—॥— · तूर · पोती २२ · वजन १०-४० पैकी ७-० दर ५४५० रु. ३८१५०, ३-४० दर ५२०० रु. १७६८० · एकूण रु. ५५८३०

पानाच्या तळाशी बेरीज: वजन ३३-३७॥, रु. १७४७८८॥.

दिसायला सोप्या चार ओळी आहेत, पण नवा माणूस जिथं अडखळतो त्या बहुतेक जागा यात आहेत.

तारखेपासून सुरू करू. वहीत फक्त ४/२ आहे, साल नाही. वही २०१८-१९ ची आणि आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, म्हणजे फेब्रुवारी २०१९ चा. जानेवारी ते मार्चच्या नोंदींना वहीच्या कव्हरवरचं पहिलं साल लावून टाकणं ही फार नेहमीची चूक आहे. मग तक्ता तारखेनं लावल्यावर वर्षाअखेरची आवक वर्षाच्या सुरुवातीलाही आधी जाऊन बसते. साफ तक्त्यात तारीख 2019-02-04 अशी, आधी साल, मग महिना, मग दिवस लिहा. 4/2 तसंच टाकलं तर संगणकाच्या सेटिंगप्रमाणे ते ४ फेब्रुवारी होईल किंवा २ एप्रिल, आणि वर चालू साल आपोआप चिकटेल ते वेगळंच.

दुसऱ्या ओळीतली ती दोन उभी दांडी, —॥—, म्हणजे वरीलप्रमाणे. तिसऱ्या ओळीत ५८ ला चिकटून तीच खूण आहे, पण तिथं ती अर्ध्याची आहे: साडेअठ्ठावन्न किलो. पहिल्या ओळीच्या रकमेतही तसंच, साठ हजार तीनशे एकतीस रुपये पन्नास पैसे. जुन्या हातांना पाव, अर्धा, पाऊण दांड्यांनी लिहायची सवय असते: ४। म्हणजे सव्वाचार, ४॥ म्हणजे साडेचार, ४॥। म्हणजे पावणेपाच. खूण आकड्याला उजवीकडे चिकटलेली असेल तर अपूर्णांक, रकान्यात एकटी मधोमध किंवा दोन्ही बाजूंना आडव्या रेघांसह असेल तर वरीलप्रमाणे, असं साधारण धरून चाला. लिहिणाऱ्यानं इंग्रजी अंक वापरले असतील तर आणखी सावध राहा, कारण 4॥ हे 411 सारखं दिसतं. किलोच्या जागी ९९ पेक्षा मोठा आकडा दिसला की तो जवळजवळ नक्की दांडीचाच घोळ असतो.

‘वरीलप्रमाणे’ भरताना दोन जागा नीट बघा. पानाच्या पहिल्याच ओळीत ती खूण असेल तर तिचा संबंध मागच्या पानाच्या शेवटच्या व्यवहाराशी असतो, मधल्या बेरजेच्या ओळीशी नाही. आणि वरची ओळ खोडलेली असेल तर खूण त्या खोडलेल्या ओळीचीच तारीख किंवा पीक सांगत असू शकते. ओळ रद्द झाली म्हणून खालच्या खुणेचा अर्थ बदलत नाही.

आता वजन. ११-७ म्हणजे ११ क्विंटल ७ किलो, अर्थात ११.०७ क्विंटल. ते ११.७ असं टाकलं तर ११ क्विंटल ७० किलो होतं आणि ६३ किलो तूर हवेतून तयार होते. सगळ्या वहीत ही चूक सगळ्यात जास्त वेळा होते, आणि ती नजरेला खटकत नाही. पोत्यांवरूनही कळत नाही. २४ पोत्यांत ११०७ किलो म्हणजे पोत्याला सरासरी ४६ किलोच्या आसपास, ११७० किलो धरले तर पावणेएकोणपन्नास. दोन्ही पटण्यासारखे आहेत. खरंखोटं करते ती रक्कमच.

म्हणून साफ शीटमध्ये क्विंटल आणि किलो हे दोन वेगळे रकाने ठेवा आणि दशांशातलं वजन सूत्रानं काढा. हातानं दशांश चिन्ह टाकायचंच नाही.

साफ शीटची रचना आणि सूत्रं

दुसऱ्या शीटला ‘साफ’ म्हणा. रकाने या क्रमानं: A पान, B ओळ, C तारीख, D पीक, E पोती, F क्विंटल, G किलो, H वजन, I दर, J वहीतील रक्कम, K फरक, L शेरा. ही शीट टेक्स्ट करायची नाही, इथं आकडे आकडेच हवेत.

H2 मध्ये वजन:

```
=F2+G2/100
```

K2 मध्ये फरक:

```
=ROUND(H2*I2,2)-J2
```

दोन्ही सूत्रं खालपर्यंत ओढली की नमुन्याचं पान असं दिसेल:

| पान | ओळ | तारीख | पीक | वजन | दर | वहीतील रक्कम | फरक |
|---|---|---|---|---|---|---|---|
| 37 | 1 | 2019-02-04 | तूर | 11.07 | 5450 | 60331.50 | 0 |
| 37 | 2 | 2019-02-04 | हरभरा | 4.32 | 4125 | 17820 | 0 |
| 37 | 3 | 2019-02-05 | तूर | 7.585 | 5380 | 40807 | 0.30 |
| 37 | 4क | 2019-02-05 | तूर | 7 | 5450 | 38150 | 0 |
| 37 | 4ख | 2019-02-05 | तूर | 3.4 | 5200 | 17680 | 0 |

चौथी नोंद फोडून दोन ओळी केल्या आहेत, कारण एका ओळीत एकच दर बसतो. दोन दरांची सरासरी काढून एक ओळ करायचा मोह होतो. तसं केलं तर वहीत कुठंही नसलेला दर तक्त्यात येतो आणि त्या दिवशी सगळ्यात कमी भाव कोणता लागला, हे पुन्हा कधी सांगता येत नाही. ५५८३० ही एकूण रक्कम कुठल्याच ओळीत घ्यायची नाही, दोन तुकड्यांची बेरीज तेवढी येते ना, एवढंच बघायचं. पोत्यांचं मात्र वहीनं फोडून सांगितलेलं नाही, म्हणून २२ हा आकडा ४क समोर टाका, ४ख समोर रिकामं ठेवा आणि शेऱ्यात लिहून ठेवा. अंदाजानं वाटून टाकू नका.

तिसऱ्या ओळीतला तीस पैशांचा फरक म्हणजे लिहिणाऱ्यानं पूर्ण रुपयात केलेली रक्कम. एक रुपयाच्या आतला फरक सोडून द्या. वहीतली रक्कम सूत्राच्या रकमेनं बदलू नका, नाहीतर पानाची बेरीज जुळणार नाही.

ती बेरीज अशी तपासा:

```
=SUMIFS(J:J,A:A,37)
```

उत्तर 174788.50 आलं पाहिजे, वहीतही १७४७८८॥ आहे. याच सूत्रात J च्या जागी H घातलं की वजन 33.375 येतं, म्हणजे ३३ क्विंटल साडेसदतीस किलो. तेही जुळलं. तूर आणि हरभरा यांचं एकत्र वजन इतर कुठल्या कामाचं नसलं तरी तपासणीला ते फार उपयोगी पडतं. एक पान पूर्ण जुळल्याशिवाय पुढचं पान सुरू करू नका.

फरक आला तर

इथं घाईनं वही पुन्हा पहिल्यापासून वाचायची गरज नसते. फरकाचा आकडाच बऱ्याचदा चूक कुठं आहे ते सांगतो.

पहिल्या ओळीत किलोच्या रकान्यात 7 ऐवजी 70 पडले असते तर फरक ३४३३.५० आला असता. त्याला दरानं, ५४५० नं भागा: ०.६३. म्हणजे वजनात ६३ किलोची चूक, आणि ७० वजा ७ बरोबर ६३. किलोच्या एक अंकी आकड्याला मागं शून्य लागलं की चूक नेहमी ९, १८, २७ अशी नवाच्या पटीतच येते. भागाकारात असं काही दिसलं की सरळ किलोचा रकाना बघा.

दराची चूक असेल तर फरकाला वजनानं भागा. समजा हरभऱ्याचा दर ४१२५ ऐवजी ४९२५ वाचला. फरक ३४५६ येईल, त्याला ४.३२ नं भागलं की नेमके ८००. शतकाच्या जागी १ आणि ९ ची अदलाबदल. हस्ताक्षरात १ आणि ९ हे सगळ्यात फसवे, त्यानंतर ४ आणि ५. त्याच माणसानं त्याच पानावर इतरत्र तो अंक कसा काढलाय ते बघितलं की लगेच उलगडतं.

फरक एका ओळीत नसून जवळजवळ प्रत्येक ओळीत असेल आणि सगळीकडं वहीची रक्कमच कमी असेल, तर वाचन बहुधा बरोबर आहे आणि वहीतली रक्कम हमाली-तोलाई वजा जाता लिहिलेली आहे. खात्री करायला फरकाला पोत्यांच्या संख्येनं भागा. सगळ्या ओळींत तोच आकडा आला तर तो पोत्यामागचा खर्च. अशा वहीसाठी ‘वजावट’ असा एक रकाना वाढवा. तुटीचं प्रमाण पोत्यांशी न जुळता वजनाशी जुळत असेल तर कडता कापलाय का, हे वही लिहिणाऱ्याला किंवा सेक्रेटरींना विचारा. ते कळल्याशिवाय वजन भरतीचं आहे की निव्वळ, हे ठरवता येणार नाही.

आणि रक्कम शंभर पटीनं चुकत असेल तर त्या ओळीत दर किलोचा लिहिलाय. भाजीपाला, मिरची यांच्या नोंदी एकाच वहीत असल्या की असं होतं. दर क्विंटलवर आणा आणि शेऱ्यात ‘मूळ दर किलोचा’ एवढं लिहा.

पिकांची नावं

एकाच वहीत ‘तूर’, ‘तुर’, ‘तूर ला.’ आणि नुसतं ‘तू.’ सापडेल. माणसाला हे एकच पीक आहे, संगणकाला चार. वेगळ्या शीटवर दोन रकान्यांची यादी करा, एका बाजूला वहीत दिसलेलं रूप आणि दुसऱ्या बाजूला तक्त्यात वापरायचं नाव. साफ शीटमधल्या पीक रकान्याला डेटा व्हॅलिडेशनमधून त्या यादीचाच ड्रॉपडाउन लावा, म्हणजे नवं रूप हातानं टाइपच होणार नाही. ‘लाल’, ‘पांढरी’ असे प्रकार सोडून देऊ नका, त्यांना ‘वाण’ असा वेगळा रकाना द्या, कारण दरातला फरक बऱ्याचदा त्याच्यामुळेच असतो.

संक्षेप लावताना दराची मदत घ्या. ‘ह.’ म्हणजे हरभरा की हळद? दोघांचे दर इतके लांब असतात की आजूबाजूच्या ओळी बघितल्यावर शंका राहत नाही. ‘भु.’ मात्र फसवतं. शेंगा आणि दाणे दोन्ही भुईमूगच, पण दर वेगळे, आणि वहीत दोन्हींना तेच अक्षर असतं. एका पिकाचे दर दोन घोळक्यांत पडताना दिसले तर तिथं दोन माल आहेत असं समजा आणि विचारून घ्या.

जुन्या वह्यांपुरतं

१९५७ च्या आधीच्या वह्यांत पैसे दशांशात नाहीत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी लागू झाली. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै. रकमेचे रुपये, आणे, पै असे तीन रकाने करा आणि दशांश रुपया सूत्रानं काढा. वजन मण-शेरात असेल तर ते क्विंटलमध्ये आणायची घाई नको, कारण मण जागोजागी वेगळा होता. एकक वेगळ्या रकान्यात लिहून आकडा तसाच ठेवा.

शेवटचा तक्ता

सगळी पानं जुळली की साफ शीटवरून पिव्होट टेबल करा. ओळींत तारीख आणि पीक, मूल्यांत वजनाची बेरीज. दराची बेरीज तर नकोच, साधी सरासरीही नको, कारण तीन क्विंटलला आणि तीस क्विंटलला ती सारखंच वजन देते. रकमेच्या बेरजेला वजनाच्या बेरजेनं भागा. नमुन्यातल्या ५ फेब्रुवारीच्या तुरीचं बघा: रक्कम ९६६३७, वजन १७.९८५, म्हणून सरासरी दर ५३७३ च्या जवळपास. तीन दरांची साधी सरासरी ५३४३ येते. (वजावट असलेल्या वहीत आधी वजावट रकमेत मिळवून घ्या.)

कुणाला फक्त चार रकाने द्यायचे असतील तर साफ शीटमधून C, D, H आणि I उचलून द्या. सभासदांची नावं वहीत असली तरी बाहेर जाणाऱ्या तक्त्यात त्यांची गरज नसते. ज्या ओळींचा फरक शेवटपर्यंत सुटला नाही त्या काढून टाकू नका आणि जुळवूनही घेऊ नका. शेऱ्यात ‘रक्कम जुळत नाही, पान अमुक, ओळ तमुक’ असं लिहून तशाच ठेवा आणि तक्ता देताना अशा ओळी किती आहेत ते सोबत सांगा.